एक सौदा, चार वाटेकरी

जुन्या फ्लॅटच्या विक्रीत दलालाच्या कार्यालयातील एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत असतो, असे क्वचितच घडते. एकजण ग्राहक आणतो, दुसरा फ्लॅट दाखवतो, तिसरा भाव जमवतो, चौथा कर्जाची आणि नोंदणीची कागदपत्रे पुरी करतो. टोकन घेणाऱ्यालाच सगळे कमिशन देण्याची पद्धत सोपी असली, तरी तिने सहकारी एकमेकांपासून ग्राहक लपवू लागतात. म्हणून कामाच्या टप्प्यांना आधीच टक्के ठरवून देणे बरे.

समजा, ८० लाखांच्या फ्लॅटवर खरेदीदाराकडून एक टक्का, म्हणजे ८०,००० रुपये दलाली मिळाली. निम्मी कार्यालयाकडे राहिली. ४०,००० वाटायचे आहेत. (जीएसटी घेतला असेल तर तो सरकारचा, तो या हिशेबात येत नाही.) ग्राहक आणण्याला ३० टक्के, फ्लॅट दाखवण्याला २५, बोलणीला ३० आणि कागदपत्रांना १५ टक्के ठरले आहेत. ग्राहक आणणाऱ्याने एकदा फ्लॅट दाखवला, दुसऱ्याने दोनदा. त्यामुळे दाखवण्याचे १०,००० एकास दोन या प्रमाणात विभागले जातात. पहिल्याला १२,००० अधिक ३,३३३ असे १५,३३३, दुसऱ्याला ६,६६७, बोलणी करणाऱ्याला १२,००० आणि कागदपत्रे पाहणाऱ्याला ६,००० मिळतात. बेरीज बरोबर ४०,००० येते. ती जुळलीच पाहिजे. पैशांच्या अपूर्णांकामुळे रुपया उरला, तर तो कोणाला द्यायचा हेही आधीच ठरवावे.

वाटे रकमेत न ठरवता टक्क्यांत ठरवण्याचे कारण घासाघीस सुरू झाली की कळते. ग्राहकाने दलाली ६०,००० वर आणली, तर वाटायचे ३०,०००च उरतात आणि सगळ्यांचे वाटे एक चतुर्थांशाने घटतात. मात्र ही सूट बोलणी करणारा एकटाच देऊन बसला, तर इतरांचे पैसे त्याने त्यांना न विचारता सोडले असे होते. सूट देण्याआधी बाकीच्यांची संमती घेण्याचा नियम म्हणूनच हवा.

खरी भांडणे आकडेमोडीवरून होत नाहीत, कोणी काय केले यावरून होतात. टोकन आल्यावर अचानक नवी नावे पुढे येऊ लागली, तर नोंदी वेळेवर होत नव्हत्या असे खुशाल समजावे. ग्राहकाचा पहिला फोन, प्रत्येक भेट आणि ती घडवणाऱ्याचे नाव त्याच दिवशी वहीत लिहावे. एकाच्या दोन धावत्या भेटींपेक्षा दुसऱ्याने कुटुंबासह घडवलेली एक भेट मोलाची असू शकते आणि नुसत्या मोजणीत हा फरक दिसत नाही. तिथे प्रमुखाने सौदा होण्याआधीच वजन ठरवून ते वहीत नोंदवावे.

वाटप दलाली हातात पडल्यावरच करावे. निम्मी आली, तर प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या निम्मे द्यावे. सौदा मोडून दलाली परत करावी लागली, तर वसुलीही त्याच टक्क्यांनी करावी.