चार ओळींत ओळख

एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचेही आता व्हॉट्सॲप ग्रुप असतात. एरर कोडचे फोटो, जळालेल्या पीसीबी, ‘हा कॉम्प्रेसर कुणाकडे मिळेल?’ असं दिवसभर चाललेलं असतं. समजा, सांगलीचा एक तरुण मेकॅनिक अशा ग्रुपमध्ये नव्याने आला. त्याचा पहिला मेसेज बहुधा असा असतो: ‘सर्व सन्माननीय सदस्यांना व ॲडमिन सरांना सप्रेम नमस्कार. मला या ग्रुपमध्ये सामील केल्याबद्दल मनःपूर्वक आभार. मला दहा वर्षांचा दांडगा अनुभव आहे. सर्व प्रकारची कामे खात्रीशीर केली जातील.’ खाली फुलांची रांग.

यात चूक काहीच नाही, पण कळतही काही नाही. शेवटचं वाक्य तर गिऱ्हाइकासाठीचं आहे. इथे समोर बसलेत ते त्याच धंद्यातले लोक. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: हा माणूस कुठला, आणि कशासाठी त्याला विचारायचं. तेवढं कळलं तर ते नंबर सेव्ह करतात.

हीच ओळख वेगळी लिहून बघू.

‘नमस्कार मंडळी. मी अमुक, सांगली-मिरज भागात एसी दुरुस्ती करतो. जास्त काम स्प्लिट एसीचं; R-32 च्या मशिन व्हॅक्युम पंप लावूनच चार्ज करतो. इन्व्हर्टर PCB ची दुरुस्ती अजून शिकतोय. आमच्याकडे आउटडोअर युनिटमध्ये पाल शिरून PCB जळण्याच्या केस फार येतात, तुम्ही त्यावर काय करता?’

‘दांडगा अनुभव’ गेला आणि त्याच्या जागी व्हॅक्युम पंप आला. जाणकाराला तेवढं पुरतं. पाइपमधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायला वेळ लागतो, म्हणून काही जण थोडा गॅसच सोडून हवा बाहेर ढकलतात. त्याने पाइप नीट कोरडे होत नाहीत, शिवाय R-32 थोडाफार पेट घेणारा गॅस आहे. पंप लावणारा माणूस घाईचं काम करत नाही, हे न सांगता कळतं. ‘अजून शिकतोय’ हेही कामाचं आहे. उद्या कुणी पीसीबी घेऊन त्याच्या दारात येणार नाही, उलट चार जण शिकवायला पुढे येतील.

पण खरी कमाई शेवटच्या प्रश्नाची. पालीचा अनुभव या धंद्यात जवळपास प्रत्येकाला असतो. एक म्हणेल भोकं जाळीने बंद करतो, दुसरा म्हणेल केबल आत जाते ती फट आधी बुजव. दोन हात रिकामे झाले की टाइप करता येईल एवढंच उत्तर लागतं. याउलट ‘काही काम असल्यास कळवावे’ याला काय उत्तर द्यायचं? लोक नमस्काराची इमोजी टाकून पुढे जातात. (इमोजी म्हणजे उत्तर नव्हे, हे नव्या माणसाला आठवड्याभराने उमगतं.)

काही बारकावे मात्र फोनचेच. ज्यांच्याकडे नंबर सेव्ह नाही त्यांना तुमचं प्रोफाइलवरचं नाव दिसतं, आणि ते ‘King’ असेल तर नाव मेसेजमध्येच लिहायला हवं. फोन नंबर मात्र पुन्हा टाइप करू नये, तो दिसतोच. ओळख व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोने देऊ नये. सहा महिन्यांनी कोल्हापूरच्या कुणाला सांगलीत माणूस हवा असेल, तर तो ग्रुपमध्ये शब्द टाकून शोधणार. शोध मेसेजच्या मजकुरात चालतो, कार्डाच्या फोटोवर भरवसा ठेवता येत नाही. त्यातही कुणी ‘सांगली’ टाकतो, कुणी ‘Sangli’, आणि एक लिहिलेलं दुसऱ्याने सापडेलच असं नाही. म्हणून शेवटी एक ओळ दोन्ही लिप्यांत द्यावी:

```
सांगली, मिरज | Sangli, Miraj | R-32
```

वेळही बघावी. कुणी छतावर उभा राहून एरर कोड विचारतोय आणि मध्येच आपला ‘नमस्कार मंडळी’ येतो, तर त्याचा प्रश्न वर सरकून जातो. एप्रिल-मे हा या लोकांचा सीझन; तेव्हा रात्री जेवणानंतरच लिहिलेलं बरं. आधी ग्रुपची माहिती उघडून नियम वाचावेत, कारण काही ठिकाणी सुटे भाग विकायला मनाई असते.

गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, त्याच्या घराचा फोटो यातलं काही ओळखीत येऊ नये. आधीच्या मालकाबद्दलची तक्रार तर मुळीच नको, त्याचा मेहुणा याच ग्रुपमध्ये असू शकतो.

आणि कुणीच उत्तर दिलं नाही तर? तोच मेसेज पुन्हा टाकू नये. दोन दिवस वाचत राहावं आणि आपल्याला खात्रीने येणारा प्रश्न कुणी विचारला की त्याला नीट, एका ओळीत उत्तर द्यावं. उत्तर बरोबर निघालं तर तो माणूस स्वतःच विचारतो, ‘दादा, तुम्ही कुठले?’