एक जागा, दोन एजन्स्या

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या कंपनीत जावा डेव्हलपरची जागा निघाली की तिचं वर्णन एकाच एजन्सीकडे जातं असं नाही. कंपनीने व्हेंडर म्हणून नेमलेल्या चार-पाच एजन्स्यांना एकाच दिवशी तोच मेल जातो. प्रत्येकीकडची रिक्रूटर नोकरीच्या त्याच संकेतस्थळावर तेच शब्द टाकून शोधते, आणि साहजिकच तिला तीच माणसं सापडतात. म्हणून एका आठवड्यात एकाच जागेसाठी तीन फोन आले तर त्यात आपलं भाग्य फळफळलं असं समजू नये. जागा एकच असते, आणि दोघांना ‘हो’ म्हटलं तर तीही हातची जाऊ शकते.

समजा, सहा वर्षं अनुभव असलेली एक डेव्हलपर आहे. मंगळवारी सकाळी ती कंपनीच्या कॅबमध्ये असताना पहिला फोन येतो. ‘‘मॅम, खराडीला एक मोठा बँकिंग क्लायंट आहे. हायब्रिड आहे. नाव आत्ता सांगता येणार नाही. तुमची प्रोफाइल शेअर करू ना?’’ ती ‘करा’ म्हणते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सीव्ही पाठवते. पाठोपाठ भरायला एक तक्ता येतो: एकूण अनुभव, जावाचा अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड, जन्मतारीख, पॅन नंबर. अपेक्षित पगारात ती वर्षाला 18 लाख लिहिते.

गुरुवारी दुसऱ्या एजन्सीचा फोन येतो. ही बाई व्यवस्थित बोलते, कंपनीचं नाव सांगते आणि लगेच मेल पाठवते: ‘अमुक कंपनीतल्या अमुक जागेसाठी माझी उमेदवारी फक्त आपल्यामार्फत पाठवण्यास माझी संमती आहे, असं उत्तर द्या.’ आपली डेव्हलपर तसं उत्तर देते. या वेळी पगाराचा आकडा 20 लाख सांगते, कारण दोन दिवसांत मैत्रिणीने ‘अगं, जास्त माग’ म्हणून सांगितलेलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी दुसरी एजन्सी विचारते, ‘‘मॅम, तुमची प्रोफाइल डुप्लिकेट दाखवतेय. आधी कोणी पाठवली?’’

कंपनीच्या बाजूला काय झालं ते आधी पाहू. मोठ्या कंपन्यांत अर्ज कोणाच्या टेबलावर येत नाहीत, ते भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवले जातात. या क्षेत्रात त्याला सगळे एटीएस म्हणतात. एजन्स्या बहुतेक वेळा सीव्हीवरचा फोन आणि ईमेल काढून स्वतःचं लेटरहेड लावतात, म्हणजे कंपनीने उमेदवाराला परस्पर गाठू नये. मग माणूस तोच आहे हे ओळखायचं कशावरून? त्यासाठी जन्मतारीख आणि पॅनसारखी खूण लागते. तक्त्यातले ते दोन रकाने पुष्कळदा एवढ्याचसाठी असतात. सॉफ्टवेअरमध्ये नाव ज्या एजन्सीने आधी चढवलं तिच्या नावावर उमेदवाराची नोंद होते. ही मालकी साधारण सहा महिने धरली जाते, काही करारांत वर्षभरही. तुम्ही स्वतः कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज केला असेल किंवा आत काम करणाऱ्या मित्राने रेफरल दिलं असेल, तर तीच पहिली नोंद ठरते आणि त्यानंतर आलेल्या एजन्सीला कंपनी सहसा काही देत नाही.

हे सगळं पैशापाशी येऊन थांबतं. कायम नोकरीसाठी आपल्याकडे एजन्सीचा रूढ दर वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. 18 लाखांवर तो दीड लाख होतो, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 1 लाख 77 हजार. उमेदवार रुजू झाल्यावर दोन एजन्स्यांनी बिलं लावली तर कंपनीच्या माणसाला दोन्ही व्हेंडरशी भांडत बसावं लागतं. त्याच्याकडे त्याच जागेसाठी आणखी पंधरा-वीस सीव्ही पडलेले असतात. काही कंपन्या सरळ पहिली नोंद धरतात, काही उमेदवाराकडून लेखी मागतात, आणि काही दोन्ही नोंदी बाजूला ठेवून पुढच्या सीव्हीकडे वळतात. त्यात एकाच बाईच्या नावासमोर एकीकडे 18 आणि दुसरीकडे 20 लाख दिसले, तर ही बोली लावतेय असा समज व्हायला वेळ लागत नाही. कंत्राटी जागेत हा फरक आणखी खुपतो, कारण तिथे कंपनी एजन्सीला दरमहा ठरलेला दर देते आणि तुमचा पगार त्यातून निघतो. एकाच माणसाचे दोन दर कंपनीला उघड्या डोळ्यांनी दिसतात.

आता शुक्रवारी संध्याकाळी करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे दोघांनाही फोनवर काही कबूल करायचं नाही. ‘‘तुम्ही फक्त आमच्याकडूनच जायचं आहे असं मेलवर लिहा, बाकी आम्ही बघतो,’’ असा आग्रह दोन्हीकडून होईल. दुसऱ्यांदा असं लिहून दिलं तर पहिलं लिहिलेलं खोटं ठरतं, आणि ते दोन्ही मेल शेवटी कंपनीपुढे जातात.

दुसरी गोष्ट, पहिल्या एजन्सीला मेलवर तीन प्रश्न विचारायचे: कंपनी कोणती, जागेचा रिक्विझिशन नंबर काय, आणि माझं नाव कोणत्या दिवशी चढवलं? हा नंबर महत्त्वाचा, कारण ‘सीनियर जावा डेव्हलपर’ नावाच्या जागा त्याच कंपनीत तीन असू शकतात. दोन वेगळ्या नंबरांसाठी दोन एजन्स्या असतील तर अडचण कदाचित नसेलही. पण मालकी जागेपुरती की अख्ख्या कंपनीपुरती हे कंपनीगणिक बदलतं, तेही विचारून घ्यावं. उत्तर कसं येतं यावरूनही बरंच कळतं. ज्याने खरंच नाव चढवलंय त्याच्यासमोर स्क्रीनवर नंबर आणि तारीख असते, तो अर्ध्या तासात सांगतो. ‘‘मॅम, प्रोसेसमध्ये आहे, मंडेला अपडेट देतो,’’ असं आलं तर सीव्ही अजून त्याच्या फोल्डरमध्येच पडून आहे असं समजायला हरकत नाही. अशा वेळी त्याला ‘पाठवू नका’ असं लेखी कळवलं की वाट मोकळी होते.

आपल्या डेव्हलपरच्या बाबतीत उत्तर येतं: नाव बुधवारी दुपारी चढवलं, कंपनी तीच, नंबरही तोच. म्हणजे पहिली नोंद पहिल्या एजन्सीची, आणि तिला ‘करा’ हे हिनेच म्हटलेलं. कंपनीचं नाव तेव्हा माहीत नव्हतं हे खरं, पण संमती नव्हती असं म्हणता येत नाही. दुसरी एजन्सी कितीही नीट वागली असली तरी इथे माघार तिनेच घ्यायची. मग दुसऱ्या एजन्सीला शनिवारी सकाळी मेल जातो (प्रत्यक्षात तो इंग्रजीत लिहिला जातो, आशय असा):

‘आपण गुरुवारी ज्या जागेसाठी माझं नाव पाठवलंत, त्याच जागेसाठी अमुक एजन्सीने बुधवारी माझ्या होकाराने ते आधीच पाठवलं आहे. त्यांनी फोनवर कंपनीचं नाव सांगितलं नव्हतं, त्यामुळे मला हे काल कळलं. कृपया आपली नोंद मागे घ्यावी आणि तसं मला कळवावं. माझी पगाराची अपेक्षा 18 लाख आहे, तीच ग्राह्य धरावी.’

मेल एवढाच. माफीचे चार परिच्छेद नकोत आणि पहिल्या एजन्सीची तक्रारही नको. हाच मेल पहिल्या एजन्सीला पाठवला की कंपनीने विचारल्यावर दोघींकडे दाखवायला एकच कागद असतो. 18 का, 20 का नाही? कारण पहिली नोंद 18 ची आहे. आता तो आकडा वाढवला तर वाद मिटवण्याऐवजी भाव वाढवतोय असं दिसतं. पगाराची घासाघीस ऑफरच्या वेळी करता येते.

पहिल्या एजन्सीने न विचारता, संकेतस्थळावरून सीव्ही उचलून परस्पर चढवलेला असेल तर मात्र प्रकरण उलटं फिरतं. हे होतं, आणि कमी होत नाही. तेव्हा आपली लेखी संमती ज्या एजन्सीकडे आहे तिला सांगावं की तो मेल कंपनीच्या भरती विभागाला दाखवा. बऱ्याच कंपन्या त्यावर पहिली नोंद रद्द करतात, सगळ्याच नाही. दोन्ही एजन्स्या हटून बसल्या तर कंपनीच्या भरती विभागाला तुम्ही स्वतः दोन ओळी लिहायला माझ्या मते हरकत नाही. एजन्स्या ‘क्लायंटला डायरेक्ट कॉन्टॅक्ट करू नका’ म्हणतात, पण विनापरवाना आपलं नाव वापरलं गेलं असेल तर ते सांगण्याचा अधिकार आपला आहे. फक्त एजन्सीला आधी कळवावं.

एक सल्ला कधीच मानू नये: ‘‘मॅम, दुसरा ईमेल आणि नंबर द्या, आम्ही नव्याने टाकतो.’’ ऑफरनंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पॅन आणि प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन तपासले जातात, आणि तिथे दोन नोंदी एकाच माणसाच्या निघतात. त्या वेळेपर्यंत तुम्ही जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो.

मुळात नावाशिवाय ‘हो’ म्हणायचंच कशाला? एजन्सी नाव लपवते कारण तुम्ही थेट अर्ज कराल अशी तिला भीती असते. भीती रास्त आहे. तरी, ‘‘सीव्ही बघायला देते, पण कंपनीचं नाव मेलवर आल्याशिवाय पुढे पाठवू नका,’’ एवढं म्हणता येतं. तोवर त्यांनी पाठवलेल्या वर्णनातलं एखादं नेमकं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावं. एजन्स्या वर्णन पुष्कळदा जसंच्या तसं चिकटवतात, त्यामुळे कंपनीचं करिअरचं पान समोर येतं आणि नाव आपोआप कळतं.

अमेरिकेत कंत्राटी काम करणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रकार जास्त कडक स्वरूपात भेटतो. तिथे संमतीच्या मेलला आरटीआर म्हणतात आणि तो मिळाल्याशिवाय चांगली एजन्सी नाव पुढे पाठवत नाही. शिवाय मधे दोन-तीन थर असतात, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवायचं. त्यामुळे आपण एकालाच ‘हो’ म्हटलं तरी नाव दोन वाटांनी त्याच कंपनीत पोचू शकतं. म्हणून तिथे आरटीआर देताना मधल्या व्हेंडरचंही नाव विचारावं.

प्रत्येक होकाराची तारीख, एजन्सी, कंपनी, रिक्विझिशन नंबर आणि सांगितलेला पगार एका वहीत किंवा शीटमध्ये लिहून ठेवा, आणि संमतीचा मेल नाही म्हटलं तरी वर्षभर जपा. चार महिन्यांनी त्याच कंपनीसाठी तिसऱ्या एजन्सीचा फोन आला तर जुनी नोंद अजून चालू असू शकते. ‘हो’ म्हणण्याआधी तो मेल उघडून बघा.