‘नंतर’ या शब्दाचा अर्थ

१९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. हे ‘नंतर’ मृत्यूनंतरचे, असे मीही समजत होतो. पण जिजाबाई गजरे खटल्यात वडील हयात होते, वीसहून अधिक वर्षे वेगळे राहत होते आणि मुलीची जमीन आईच सांभाळत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७०मध्ये आईलाच पालक मानले. १९९९च्या गीता हरिहरन निकालाने ‘नंतर’ म्हणजे ‘गैरहजेरीत’ असा अर्थ लावला. पूर्ण बेपर्वाई किंवा दूर राहणे हीही गैरहजेरीच.

म्हणून बँकेत मुलाचे बचत खाते उघडताना आईचे नाव असलेला जन्मदाखला आणि तिची ओळखपत्रे द्यावीत. आई पालक असलेल्या खात्यांना रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. शाळेने वडिलांची सही मागितली, तर गैरहजेरीचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे. मुलाची जमीन विकायला मात्र न्यायालयाची परवानगी लागतेच. ती वडिलांनाही चुकत नाही.