सम चुकवणारा लॅपटॉप

माझी मावसबहीण डोंबिवलीच्या घरी अभंग रेकॉर्ड करते. समोर मायक्रोफोन, हाताशी छोटा कीबोर्ड, त्यावर सॉफ्टवेअरमधली हार्मोनियम आणि कानाला हेडफोन. मागच्या वर्षी तिने दुकानातला सगळ्यात वेगवान म्हणून एक गेमिंग लॅपटॉप घेतला. पहिल्याच दिवशी तिचा फोन आला. "दादा, दुसऱ्या ओळीलाच कानात टिकटिक होतेय. आणि प्रोसेसर तर वीस टक्केसुद्धा वापरला जात नाहीये!"

तिचं दोन्ही म्हणणं खरं होतं. लॅपटॉप वेगवान होता आणि आवाज तुटतही होता. असं का होतं, हे समजलं की संगीतासाठी लॅपटॉप कसा निवडायचा याचं उत्तर बरंचसं मिळतं.

संगणक आवाज सलग हाताळत नाही. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्डिंग असेल तर एका सेकंदाच्या आवाजाचे ४८,००० नमुने घेतले जातात आणि त्यांचे छोटे गठ्ठे करून संगणकाकडे दिले जातात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा ठेवला, तर संगणकाला दर २.७ मिलिसेकंदांनी पुढचा गठ्ठा तयार ठेवावा लागतो. तो वेळेवर आला नाही की त्या जागी आवाजच नसतो आणि कानाला टिक ऐकू येते. तबलजीचा हात कितीही तयार असो, दर आवर्तनाला समेवर यावंच लागतं. इथे तशी सम सेकंदाला पावणेचारशे वेळा येते. त्यामुळे लॅपटॉप सरासरी किती वेगवान आहे यापेक्षा त्याला एखाद्या वेळी जास्तीत जास्त किती उशीर होतो, हे महत्त्वाचं. टक्केवारीचा आकडा फक्त सरासरी सांगतो.

टिकटिक थांबवायला बहिणीने बफर ५१२ केला. टिकटिक थांबली, पण आता आवाज उशिरा येऊ लागला. ५१२ नमुने म्हणजे १०.७ मिलिसेकंद. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा धरले, तर २१ झाले. त्यात इंटरफेस आणि यूएसबीचा वेळ मिळवला की साधारण २५. हवेत आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे गायिकेला स्वतःचा गळा जणू आठ मीटरवरून ऐकू येत होता.

गळ्यापुरता यावर सोपा उपाय आहे. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'ची सोय असते. ती वापरली की मायक्रोफोनचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. कोणी फक्त गाणं रेकॉर्ड करत असेल, तर त्याने महागड्या लॅपटॉपच्या मागे लागू नये. पण कीबोर्डवरच्या हार्मोनियमचा स्वर लॅपटॉपच्या आतच तयार होतो. तिथे ही पळवाट नाही. पट्टी दाबल्यावर स्वर रेंगाळत आला, तर द्रुत लयीत बोटं अडखळतातच. तिला १२८ चाच बफर हवा होता.

मग वेगवान लॅपटॉप उशीर का करत होता? विंडोजमध्ये वायफाय, ग्राफिक्स, बॅटरी अशा प्रत्येक भागाचा ड्रायव्हर असतो. या ड्रायव्हरांची काही कामं इतक्या वरच्या मानाची असतात, की ती संपेपर्यंत तुमच्या संगीताच्या सॉफ्टवेअरला थांबावं लागतं. एखादा ड्रायव्हर दोन मिलिसेकंद अडून बसला, तर २.७ मधले उरतात फक्त ०.७. प्रोसेसर मोकळा असूनही सम चुकते ती अशी.

हा अडथळा मोजता येतो. विंडोजसाठी LatencyMon नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचं, एकदा चार्जर लावून आणि एकदा बॅटरीवर. सगळ्यात मोठा उशीर किती मायक्रोसेकंदांचा झाला आणि कोणत्या ड्रायव्हरमुळे झाला, हे ते दाखवतं. हजार मायक्रोसेकंद म्हणजे एक मिलिसेकंद, त्यामुळे आकडा आपल्या बफरशी लगेच ताडून पाहता येतो. बहिणीच्या यादीत सगळ्यात वर ndis.sys होतं. हा विंडोजमधला नेटवर्कचा सामायिक भाग आहे. तो वर दिसला की संशय घ्यायचा तो वायफायच्या ड्रायव्हरवर. आम्ही वायफाय बंद केलं आणि १२८ वर टिकटिक थांबली. दुसऱ्या दिवशी वायफायचा नवा ड्रायव्हर टाकला, तेव्हा फरक पडला, पण पूर्ण नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ती आजही वायफाय बंदच ठेवते. सगळेच दोष असे बंद करता येत नाहीत. अडथळा लॅपटॉपच्या वीज-व्यवस्थेतून येत असेल आणि उत्पादकाने सुधारणा दिली नसेल, तर तो लॅपटॉप परत करणंच बरं. म्हणून खरेदी परतीची मुदत असलेल्या ठिकाणी करावी आणि ही चाचणी त्या मुदतीतच उरकावी. नोटबुकचेक या संकेतस्थळावरच्या परीक्षणांत बहुतेकदा हा उशीर आणि पंख्याचा आवाज, दोन्ही मोजून दिलेले असतात.

दुसरा ड्रायव्हर इंटरफेसचा. विंडोजवर त्याच्या उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असावा. ASIO4ALL हे विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर बसवलेलं आवरण आहे, अडीनडीला चालतं. मॅकमध्ये कोअर ऑडिओ मुळातच असतो, त्यामुळे बरेच इंटरफेस नुसते जोडले की चालतात. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपबाबत मात्र सावध राहावं. त्यांच्यावर जुनी सॉफ्टवेअर्स रूपांतर होऊन चालू शकतात, पण ड्रायव्हरचं तसं रूपांतर होत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. आपल्या इंटरफेसचा तसा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावर दिसला, तरच पुढे जावं.

उरला पंखा. अभंगाच्या आधीच्या संथ आलापात 'सूंऽऽ' असा आवाज येत होता. बहिणीने लॅपटॉप 'सायलेंट'वर टाकला. त्या मोडमध्ये पंखा हळू फिरावा म्हणून प्रोसेसरची वीजही कमी होते, त्यामुळे टिकटिक परतली. आवाज नंतर सॉफ्टवेअरने पुसावा, तर त्याबरोबर श्वास आणि 'स', 'श' सारखी व्यंजनंही घासली जातात. शेवटी उपयोगी पडली ती जागा. तिचा मायक्रोफोन समोरचं नीट ऐकतो आणि पाठीमागचं फार कमी. तीन मीटरची यूएसबी केबल घेऊन लॅपटॉप मायक्रोफोनच्या पाठीमागे, दूर ठेवला. आलाप स्वच्छ झाला.

पंखाच नको असेल तर २०२० मध्ये आलेल्या एम१ पासूनचे मॅकबुक एअर आहेत. त्यांत पंखा नसतो. मात्र काम जड आणि लांबलं, तर तापून त्यांचा वेग उतरतो. दोन-चार वाद्यं आणि गळा यांना ते पुरतात, पण मोठ्या वाद्यवृंदाला पंख्याचंच यंत्र लागतं. शिवाय त्यांची रॅम मागाहून वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबी सुरुवातीलाच घ्यावी.

दुकानात पंखा पारखायचा तर लॅपटॉप नुकताच सुरू केलेला असताना ऐकून उपयोग नाही, तेव्हा सगळेच शांत असतात. दहा मिनिटं एखादं जड काम चालू द्यावं, मग जवळ जाऊन ऐकावं. आवाज एकसारखा असेल, तर अंतराने तो आटोक्यात येतो. पण पंखा मध्येच चढत-उतरत असेल, तर तो प्रत्येक विरामात कानाला बोचेल. बहिणीला पुढचा लॅपटॉप घ्यायचा झाला, तर ती आधी ही दहा मिनिटं ऐकणार आहे आणि मग LatencyMon चालवणार आहे. प्रोसेसरचं नाव ती त्यानंतर विचारेल.