शिवीगाळीचा ईमेल: उत्तर, मौन आणि पुरावा

दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीत राहणाऱ्या महिलेला २००९ साली तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे ईमेल आले. त्यांच्या प्रती सोसायटीतल्या इतरांनाही गेल्या होत्या. तिने पोलिसांत तक्रार केली, आणि ती रद्द व्हावी म्हणून आरोपी उच्च न्यायालयात गेला. भारतीय दंड संहितेचे कलम ५०९ तोंडी उच्चारलेल्या शब्दांपुरते आहे, लिहिलेल्या मेलला ते लागू होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये न्या. ए. एस. गडकरी आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने हा युक्तिवाद फेटाळला. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारा मजकूर मेलमधून आला तरी तो त्या कलमात बसतो, असे न्यायालयाने सांगितले. आता तेच कलम भारतीय न्याय संहितेत ७९ या क्रमांकाने आले आहे.

म्हणजे ‘मेलवर काहीही लिहिले तरी कायदा काही करू शकत नाही’ हा समज चुकीचा. पण त्याच्या उलट टोकाचा समजही तितकाच पसरलेला आहे: कुणी ऑनलाइन अपमान केला की माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ लावायचे. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजीच घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. निव्वळ उद्धट, बोचरा मेल हा गुन्हा नसतो. धमकी, बदनामी, पाठलाग, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान यांपैकी काही त्यात असेल, तर गोष्ट वेगळी.

उत्तर द्यायचे की नाही, हा प्रश्न इथेच सुटायला लागतो. असा मेल आला की त्यात शिवीखेरीज आणखी काही आहे का, हे आधी पाहावे. ‘गप्प बसलो तर आरोप कबूल केल्यासारखे होईल’ या भीतीने लोक रात्री बारा वाजता लांबलचक उत्तरे लिहितात. नुसत्या शिवीला उत्तर दिले नाही म्हणून कुणी काही कबूल केले, असे होत नाही. पण त्याच मेलमध्ये पैशांचा हिशेब, मुदत, थकबाकी किंवा नोटीस असेल, तर तेवढ्या भागाला उत्तर द्यायलाच हवे. चेक न वटल्याची नोटीस कितीही अपमानकारक भाषेत आली तरी ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. भाषेवर रुसून ती मुदत थांबत नाही.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एका सोसायटीच्या खजिनदार बाई घेऊ. एक सभासद सगळ्या सभासदांना प्रत टाकून लिहितो: ‘टाकीच्या दुरुस्तीत पैसे खाल्लेत, लाज नाही वाटत?’ खाली आणखी दोन परिच्छेद त्यांच्या घरच्यांवर. बाईंच्या मनात येईल त्या उत्तरात त्याचा तीन वर्षांचा थकलेला मेंटेनन्सही असेल आणि त्याचा मुलगाही. अमेरिकेतले वकील आणि समुपदेशक बिल एडी अशा पत्रव्यवहारासाठी चार कसोट्या सांगतात: उत्तर थोडके, माहितीपुरते, सौजन्याचे आणि ठाम असावे. त्या कसोट्यांवर बाईंचे उत्तर साधारण असे होईल:

‘आपला १२ जूनचा मेल मिळाला. टाकीच्या दुरुस्तीला १ लाख ८६ हजार रुपये खर्च आला. तिन्ही कोटेशन, बिल आणि बँकेची नोंद सोबत जोडली आहे. मूळ कागद रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत कार्यालयात पाहता येतील.’

चार वाक्ये. घरच्यांवरच्या मजकुराला त्यात एक अक्षरही नाही, कारण तो वादाचा नसून तक्रारीचा विषय आहे. पैशांचा आरोप सगळ्यांसमोर झाला, म्हणून आकड्यांचे उत्तर सगळ्यांना जावे, हे योग्यच. थकबाकी आणि मुलगा मात्र या उत्तरात येऊ नयेत: बदनामीला तिसऱ्या माणसापर्यंत मजकूर पोचावा लागतो, आणि सगळ्यांना प्रत टाकून दिलेले उलट उत्तर ती अट स्वतःच पूर्ण करते. पुढे प्रकरण पोलिसांत गेले तर दोन्ही बाजूंचे मेल शेजारी ठेवून वाचले जातात.

अनोळखी माणसाची नुसती घाण असेल, तर उत्तर न देणेच बरे. उत्तराने पत्ता चालू असल्याचे त्याला कळते. एका प्रसंगी मात्र एक ओळ जरूर पाठवावी. एखादा पुरुष एखाद्या स्त्रीवर नकोशा मेलचा मारा करत असेल, तर ‘यापुढे मला मेल पाठवू नका’ असे त्या स्त्रीने एकदाच, स्पष्ट लिहावे. न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा पाठलागाचा गुन्हा आहे. त्या नापसंतीचा पुरावा म्हणजे ही ओळ. जिवाची धमकी असेल तर मात्र तेही लिहीत बसू नये, थेट पोलीस ठाणे गाठावे.

पुराव्याबाबत सर्वांत मोठा गैरसमज स्क्रीनशॉटचा. स्क्रीनशॉटमध्ये मजकूर दिसतो, पण मेल कोणत्या सर्व्हरवरून, कधी, कोणत्या मार्गाने आला हे दिसत नाही. ती माहिती मेलच्या हेडरमध्ये असते. मेल नेहमीसारखा फॉरवर्ड केला तर मूळ हेडर जात नाही, फॉरवर्ड करणाऱ्याचा नवा हेडर लागतो. म्हणून मैत्रिणीला किंवा वकिलाला फॉरवर्ड केलेली प्रत पुरेशी नाही. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून Show original आणि मग Download Original निवडले की .eml फाइल उतरते. ती पेन ड्राइव्हवर ठेवावी, संपादकात उघडून पुन्हा सेव्ह करू नये, आणि विंडोजवर तिचा हॅश काढून तारखेसह लिहून ठेवावा:

```
certutil -hashfile takrar.eml SHA256
```

फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी हा आकडा पूर्ण बदलतो. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद करावी लागते. त्या प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. प्रमाणपत्राचे महत्त्व जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात जुलै २०२० मध्ये स्पष्ट झाले. जुन्या कायद्यातल्या तशाच तरतुदीविषयी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. म्हणून ज्या फोनवर किंवा लॅपटॉपवर मेल आला, तो प्रकरण मिटेपर्यंत विकू किंवा फॉरमॅट करू नये.

हेडरमध्ये पाठवणाऱ्याच्या घरचा पत्ता मिळेल, ही अपेक्षाही चुकीची. जीमेलच्या संकेतस्थळावरून पाठवलेल्या मेलमध्ये बहुधा गूगलच्याच सर्व्हरचा आयपी दिसतो. पाठवणारा शोधायला पोलिसांना कंपनीकडे माहिती मागावी लागते. हेडरचा खरा उपयोग त्या मागणीसाठी लागणारी नेमकी ओळख आणि वेळ पुरवण्यात आहे.

आणि ब्लॉक करण्याची घाई करू नये. जीमेलमध्ये ब्लॉक केलेल्याचे पुढचे मेल स्पॅममध्ये जातात आणि ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. म्हणजे पुढची धमकी न वाचताच नष्ट होऊ शकते. त्याऐवजी फिल्टर लावून ते मेल एका वेगळ्या लेबलखाली वळवावेत: ते रोज डोळ्यांसमोर येत नाहीत आणि हरवतही नाहीत. महिन्यातून एकदा ते लेबल घरातल्या दुसऱ्या कुणी तपासले तरी चालते. मेल जपून ठेवले तरी तक्रारीची मुदत चुकवू नये: कार्यालयात लैंगिक छळाचे मेल येत असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. कारण सबळ असेल तर समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते.