पडद्यावर शून्य, मण्यात नऊ

गोदाम आणि वाहतुकीच्या प्रमाणपत्र परीक्षेत शीतसाखळीवर हमखास येणारा एक प्रश्न आहे. द्राक्षांचा रीफर कंटेनर परदेशी पोहोचला. पडद्यावर प्रवासभर शून्य अंश दिसत होतं. तरी पेट्या उघडल्या तर मणी पांढरे पडलेले आणि काहींवर बुरशी. साखळी कुठे तुटली? बरीच मुलं ‘समुद्रात’ असं लिहितात. उत्तर बहुतेक वेळा नाशिककडच्या पॅकहाऊसमध्येच असतं.

आधी पडद्याचं समजून घेऊ. तो हवेचं तापमान दाखवतो, मालाचं नाही. कंटेनरचं यंत्र थंड हवा जमिनीच्या खाचांतून सोडतं, ती पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत येते. ताज्या फळांच्या बाबतीत यंत्राचं नियंत्रण आत जाणाऱ्या हवेवर असतं, गोठवलेल्या मालाच्या बाबतीत परत येणाऱ्या हवेवर. द्राक्षांसाठी शून्य लावलं की आत जाणारी हवा शून्याची असते. मधल्या पेटीतला मणी किती अंशांवर आहे, याची यंत्राला खबर नसते.

दुसरं म्हणजे रीफर हे माल थंड ठेवण्याचं यंत्र आहे, गरम माल थंड करण्याचं नाही. थंड करायचं काम आधीच्या प्री-कूलिंगचं. तिथे पंख्याने थंड हवा पेट्यांच्या भोकांतून ओढून काढतात. याचा हिशोब परीक्षेत येतो आणि तो मला फार आवडतो. फळ आणि हवा यांच्यातलं अंतर ठरावीक वेळाने निम्मं होतं. समजा, मार्चमध्ये काढलेला मणी 32 अंशांवर आहे, हवा शून्यावर, आणि निम्मं व्हायला दोन तास लागतात. दोन तासांनी 16, चार तासांनी 8, सहा तासांनी 4, आठ तासांनी 2. पहिल्या दोन तासांत सोळा अंश उतरले, शेवटच्या दोन तासांत दोनच. म्हणून घाईच्या दिवशी कात्री लागते ती नेमकी या शेवटच्या तासांना. पावणेचार तासांत माल बाहेर काढला, तर मणी साधारण नऊ अंशांवर असतो. हाताला पेटी गारच लागते, म्हणून कुणाला शंका येत नाही.

तो माल कंटेनरमध्ये भरला की पेट्या दाटीने रचलेल्या, हवेचा ओढा कमी. नऊचे एक व्हायला दिवस लागतात. त्यात पॅकहाऊसच्या उघड्या धक्क्यावर पेट्या थांबल्या असतील, तर दमट हवेत गार मण्यांना घाम येतो. इथेच पांढऱ्या मण्यांचं कोडं सुटतं. पेटीत बुरशी रोखायला गंधकाचा पॅड ठेवतात. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. घाम जास्त आला की वायू एकदम सुटतो, मण्यांचा रंग उडतो आणि पुढच्या आठवड्यांसाठी पॅडमध्ये फारसं उरत नाही. उरलेल्या प्रवासात बुरशीला रान मोकळं. एकाच चुकीची दोन उलट दिसणारी लक्षणं.

हे ओळखायचं कसं? भरताना मण्यात टोकदार थर्मामीटर खुपसून. तो खरा आहे का, हे बघायला पेलाभर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी पुरतं. ढवळलेल्या मिश्रणात काटा शून्यावर आला पाहिजे. माल पोहोचल्यावर पेटीतल्या लॉगरचा आलेख सांगतो. रेषा पहिल्याच दिवशी नऊपासून हळूहळू उतरत असेल, तर माल गरमच भरला होता. रेषा आधी सपाट आणि मग मध्येच वर चढली असेल, तर वीज किंवा यंत्र बंद पडलं. कंटेनरच्या स्वतःच्या नोंदीत मात्र दर काही तासांनी बारीक टोकं दिसतात. ती साखळी तुटल्याची नाहीत. यंत्र स्वतःवर साचलेला बर्फ वितळवतं, तेव्हा पंखा थांबतो आणि हवेचा सेन्सर थोडा वेळ वर जातो. या टोकांवर बोट ठेवून ‘माल नाकारा’ लिहिणारे दरवर्षी असतात.

गोदामाचे आकडेही विचारतात. एफएसएसएआयच्या नियमांत गोठवलेला माल उणे 18 किंवा खाली, थंड ठेवायचा नाशवंत माल 5 किंवा खाली. पण पाठ केलेला 5 द्राक्षांच्या प्रश्नात लिहिला तर गफलत. द्राक्षाला शून्याच्या आसपासच राहावं लागतं. आंब्याला तेच शून्य लावलं तर साल काळवंडते आणि तो पिकतच नाही. म्हणून प्रश्नात माल कोणता आहे, ते आधी वाचावं आणि आकड्याकडे नंतर जावं.