नव्या बॅचची जाहिरात: निकालाचा छेद

कोचिंग क्लासच्या जाहिरातीत खोट बहुधा निकालाच्या ओळीत असते. ‘आमचे 12 विद्यार्थी 90 टक्क्यांच्या वर’ हे वाक्य खरे असूनही फसवे ठरते, कारण एकूण किती बसले ते त्यात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार यशाची हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरायचे तर निवडीनंतर घेतलेली लेखी संमती लागते, आणि त्याने कोणता कोर्स केला हेही छापावे लागते.

दहावी गणिताच्या बॅचसाठी संहिता अशी: ‘सोमवारपासून नवी बॅच. जागा 30. दर शनिवारी चाचणी. गेल्या वर्षी 48 जण बसले, 12 नव्वदच्या वर. पूर्ण फी आणि परताव्याचे नियम कार्यालयात लेखी मिळतील.’